‘ब्राउन ब्रेड’ म्हणजे पाव नव्हे

वाचकहो, आजचा धागा एका चुकीपासून सुरू होतो, आणि ती चूक माझी आहे.

पदव्युत्तर शिक्षणाचा भाग म्हणून मी लंडनच्या पूर्व भागातील एका छोट्या मौखिक इतिहास संग्रहात काही महिने काम केले. काम वरकरणी साधे होते. १९८० च्या दशकात ध्वनिफितींवर नोंदवलेल्या मुलाखती ऐकायच्या आणि बोलणाऱ्याचा शब्द न् शब्द लिहून काढायचा. बोलणारे बहुतेक निवृत्त गोदी कामगार, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, बाजारात हातगाडी लावणारे विक्रेते. माझे इंग्रजी चांगले आहे, असा माझा समज होता.

त्यातील एका फितीवर एक वृद्ध गोदी कामगार १९४४ च्या उन्हाळ्याविषयी बोलत होते. त्या उन्हाळ्यात जर्मनीचे वैमानिकाविना उडणारे व्ही-१ बाँब लंडनवर पडू लागले होते. त्यांच्या गल्लीत एक बाँब पडला, भिंत कोसळली, धाकट्या भावाला ढिगाऱ्यातून काढून रुग्णालयात नेले. इथपर्यंत सगळे स्पष्ट ऐकू आले. पुढची दोन वाक्ये मी अशी लिहून घेतली : ‘संध्याकाळपर्यंत आमचा धाकटा ब्राउन ब्रेडवर होता. आई रात्रभर सफरचंदांवर बसून होती.’

हे वाचून तुम्हांला हसू आले असेल. मला त्या वेळी मुळीच आले नाही. उलट मोठा शोध लागल्यासारखे वाटले. युद्धकाळात ब्रिटनमध्ये गव्हाची आयात वाचवण्यासाठी सरकारने १९४२ मध्ये ‘नॅशनल लोफ’ नावाचा करडसर रंगाचा, कोंडा फारसा न काढलेल्या पिठाचा पाव आणला होता, हे मी वाचलेले होते. पांढरा पाव बाजारातून जवळपास नाहीसा झाला होता. म्हणजे रुग्णालयात त्या मुलाला हाच पाव देत असणार! आणि सफरचंदे? गोदीत फळांची खोकी उतरत. घर पडल्यामुळे आई अशाच एखाद्या खोक्यावर बसली असणार. मी दोन्ही वाक्यांना टिपा जोडल्या. पहिली टीप तर जवळजवळ पानभर झाली.

संग्रहात लिहिलेली प्रत्येक प्रत कोणीतरी दुसऱ्याने फितीशी ताडून पाहण्याची पद्धत होती. माझी प्रत ज्यांच्याकडे गेली, त्या सत्तरीच्या पुढच्या बाई त्याच भागात जन्मलेल्या होत्या. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या भाजीची गाडी. त्या वाचताना आधी हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. कानाला लावलेला हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “ ‘ऑन’ कुठे ऐकलास, बाळ? तो ‘ऑन’ म्हणतच नाही.”

मी पुन्हा ऐकले. खरोखरच ‘ऑन’ नव्हता. वाक्य जुळावे म्हणून तो शब्द माझ्या कानानेच घातला होता. फितीवरचा माणूस एवढेच म्हणत होता की संध्याकाळपर्यंत आमचा धाकटा ब्राउन ब्रेड. ‘ब्रेड’चे यमक ‘डेड’शी जुळते. भाऊ संध्याकाळपर्यंत वारला होता, आणि मी त्याच्या मृत्यूखाली पावाच्या पिठाविषयी टीप लिहिली होती.

ही बोली कॉकनी राइमिंग स्लँग म्हणून ओळखली जाते. आपण तिला यमकबोली म्हणू. तिची घडण कळावी म्हणून क्षणभर मराठीत खेळून पाहू. हे उदाहरण माझ्या मनाचे आहे, असे कोणी बोलत नाही. समजा, ‘भात’ हा शब्द उच्चारायचा नाही. भाताशी यमक जुळेल असा, सर्वांच्या तोंडी असलेला जोडशब्द शोधायचा : दिवसरात. आता भाताला दिवसरात म्हणायचे. आणि मग खरी गंमत : ज्या तुकड्यामुळे यमक जुळले, तोच तुकडा गाळून टाकायचा. उरला नुसता ‘दिवस’. “आई, थोडा दिवस वाढ.” ज्याला ‘रात’ ठाऊक आहे, त्याच्या ताटात भात पडेल. ज्याला ठाऊक नाही, तो दिवस आणि भात यांचा संबंध जन्मभर शोधत बसेल, कारण दुवा जोडणारा शब्द वाक्यातून आधीच निघून गेला आहे.

लंडनमध्ये हेच घडते. जिना म्हणजे ‘स्टेअर्स’. त्याच्याशी जुळणारा जोड ‘ॲपल्स ॲन्ड पेअर्स’, म्हणजे सफरचंदे आणि नासपती. पेअर्स गळाले की उरतात ॲपल्स. फितीवरच्या माणसाची आई रात्रभर फळांच्या खोक्यावर बसलेली नव्हती, ती जिन्याच्या पायरीवर बसलेली होती. बाईंनी हेही सांगितले की ॲपल्स हा शब्द त्यांच्या लहानपणीही लोक अर्धवट थट्टेने वापरत. हल्ली तो चहाच्या कपांवर आणि पर्यटकांच्या रुमालांवर जितका दिसतो तितका बोलण्यात ऐकू येत नाही.

मात्र दरवेळी शेपूट गळतेच असे नाही. ‘ब्राउन ब्रेड’ पुरताच बोलला जातो. चोर म्हणजे ‘थीफ’, त्यासाठी ‘टी लीफ’, चहाची पाने, हाही पुरताच. उलट डोके म्हणजे ‘हेड’, त्यासाठी ‘लोफ ऑफ ब्रेड’, यातून केवळ ‘लोफ’ उरला आणि तो इतका रुळला की डोके चालव या अर्थी ‘यूज युअर लोफ’ असे इंग्लंडभर म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना आपण यमक बोलत आहोत याची जाणीवही नसते. पैसा म्हणजे ‘मनी’, त्यासाठी ‘ब्रेड ॲन्ड हनी’. म्हणजे एकट्या पावाच्या तीन तऱ्हा : एक डोके, एक पैसा, एक मरण. कोणता भाग गाळायचा आणि कोणता ठेवायचा, याचा नियम मला कुठे सापडला नाही. प्रत्येक शब्द वापरानेच शिकावा लागतो.

तर मग नवख्याने उकल करायची कशी? त्याच फितीतील एक वाक्य घेऊन मी ती शिकले, तेच इथे मांडते. युद्धापूर्वीच्या बेकारीविषयी बोलताना तो गृहस्थ म्हणतो की मुकादमाने माझ्या ‘प्लेट्स’चा एक ‘बुचर्स’ घेतला आणि मला घरी जायला सांगितले.

पहिली खूण अशी की सरळ अर्थ लावला तर वाक्य लंगडते. मुकादम, ताटल्या आणि खाटीक यांचा मेळ बसत नाही. असे लंगडणारे नाम दिसले की तिथे थांबायचे. दुसरी खूण व्याकरणात असते. ‘बुचर्स’ मधला शेवटचा ‘स’ हा अनेकवचनाचा नाही, कारण त्याच्या आधी ‘एक’ आहे. तो षष्ठीचा आहे : खाटकाचा. खाटकाचा काय? पुढचे नाम गायब आहे. म्हणजे जी जागा रिकामी आहे, तिथेच किल्ली होती. खाटकाच्या दुकानात मांस टांगण्याचा आकडा असतो, ‘बुचर्स हुक’. हुकशी जुळतो ‘लुक’. एक बुचर्स घेणे म्हणजे एक नजर टाकणे.

आता ‘प्लेट्स’. इथे रिकामी जागा दिसत नाही, ती स्मरणातून भरावी लागते : ‘प्लेट्स ऑफ मीट’, मांसाच्या ताटल्या. मीटशी जुळणारे शब्द मात्र पुष्कळ आहेत. ‘फीट’ म्हणजे पाय, ‘स्ट्रीट’ म्हणजे रस्ता, ‘सीट’ म्हणजे बैठक. यांतला कोणता? आणि हा प्रश्न काल्पनिक नाही. १८५९ च्या एका शब्दकोशात हाच शब्दप्रयोग ‘रस्ता’ या अर्थी नोंदलेला आहे. ‘पाय’ हा अर्थ नंतर वर आला आणि पहिल्याला त्याने हुसकावून लावले. म्हणून यमक सापडले की काम संपत नाही. सापडलेला शब्द त्या वाक्यात आणि त्या काळात बसतो का, हे पाहावे लागते. मुकादम कामगाराचा रस्ता पाहून त्याला घरी पाठवणार नाही. पाय पाहून पाठवील. पुढच्याच वाक्यात तो गृहस्थ सांगतो की त्या दिवशी त्याच्या बुटांचे तळ सुटले होते आणि आत वर्तमानपत्राचे कागद कोंबले होते. उकल बरोबर आली.

१८५९ च्या ज्या शब्दकोशाचा उल्लेख वर आला, तो जॉन कॅम्डन हॉटन या लंडनच्या प्रकाशकाने काढला होता. पुस्तकावर स्वतःच्या नावाऐवजी त्याने ‘एक लंडनचा पुराणवस्तुप्रेमी’ एवढेच लिहिले. त्यात यमकबोलीची वेगळी यादी आहे आणि ‘ॲपल्स ॲन्ड पेअर्स’ तीत आहे. यादी चाळताना एक शब्द मला फार आवडला. हॅटसाठी ‘बॅटल ऑफ द नाइल’. नाइलची लढाई १७९८ ची, नेल्सनने जिंकलेली. नाइलशी यमक ‘टाइल’चे, आणि टाइल म्हणजे कौल. डोक्यावरची हॅट ही जणू माणसाचे कौल, म्हणून त्या काळी हॅटलाच थट्टेने टाइल म्हणत. म्हणजे इथे कुलपे दोन आहेत : आधी यमक सोडवा, मग थट्टा सोडवा.

हॉटन सांगतो की ही बोली आपल्या आधी बारा-पंधरा वर्षांपूर्वी निघाली, म्हणजे साधारण १८४० च्या दशकात. हेन्री मेह्यू याच्या लंडनमधील श्रमिक व गरीब लोकांवरील १८५१ च्या ग्रंथातही भटक्यांची नवी बोली यमकावर चालते असा उल्लेख येतो. या दोन पुराव्यांचा मेळ बसतो.

आता एक प्रचलित समजूत. ही बोली चोरांनी पोलिसांना चकवण्यासाठी काढली, असे तुम्ही कुठेतरी वाचले असेल. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये उभे राहिले, बोली १८४० च्या दशकात आली, म्हणून तर्क मोहक वाटतो. पण हॉटन तिचे जनकत्व चोरांना देत नाही. तो देतो रस्त्यावर गाणी गाऊन छापील कवने विकणाऱ्यांना आणि बडबडीच्या बळावर पत्रके खपवणाऱ्यांना. या लोकांचा अड्डा होता सेव्हन डायल्स, सात रस्ते जिथे मिळतात ती वस्ती. ती पूर्व लंडनमध्ये नाही. कॉव्हेन्ट गार्डनच्या बाजारालगत, शहराच्या पश्चिमेकडच्या भागात आहे. तिथेच जेम्स कॅटनॅकचा छापखाना होता, जिथून खुनाच्या, फाशीच्या आणि प्रेमाच्या कवनांचे कागद स्वस्तात बाहेर पडत. विचार करा : ज्यांचे पोटच यमकावर चालते, त्यांच्याच तोंडी यमकाची बोली जन्माला यावी, यात आश्चर्य ते कोणते?

फळे-भाजी विकणाऱ्या हातगाडीवाल्यांची बोली तर त्या काळी वेगळीच होती. ते शब्द उलटे करत. ‘बॉय’ म्हणजे पोरगा, उलटा केला की ‘यॉब’. आज इंग्रजी वृत्तपत्रांत टवाळ पोरांसाठी वापरला जाणारा यॉब तो हाच. पोलिसांचा ‘एस्लॉप’ झाला होता. ही मेह्यूने केलेली नोंद आहे. म्हणजे पोलिसांना चकवायचे असेल, तर हातगाडीवाल्यांकडे दुसरे हत्यार तयार होते. यमकबोली पुढे शहरभर पसरली, पूर्वेकडच्या श्रमिकांनी ती आपलीशी केली, आणि कॉकनी हे नाव तिला चिकटले. कॉकनी कोण? चीपसाइड रस्त्यावरील सेंट मेरी-ल-बो चर्चच्या घंटा ऐकू येतील एवढ्या अंतरात जो जन्मला तो, अशी जुनी व्याख्या आहे. या घंटा १९४१ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाल्या आणि पुन्हा वाजल्या त्या १९६१ मध्ये. व्याख्या काटेकोर धरली, तर मधल्या वीस वर्षांत एकही कॉकनी जन्मला नाही. आमच्या बाई नेमक्या त्या वीस वर्षांतल्या. हे मी त्यांना सांगण्याचे धाडस केले नाही.

यमकाचा एक फायदा इतिहासाच्या विद्यार्थ्याला होतो, जो कोशकारांनी कदाचित योजलेला नसेल. यमक हे उच्चाराचा पुरावा असते. याचे सर्वांत चांगले उदाहरण थोडे असभ्य आहे, पण आपण प्रौढ आहोत. पार्श्वभागाला ग्राम्य इंग्रजीत ‘आर्स’ म्हणतात. त्यासाठी लंडनने शब्द घेतला ‘बॉटल ॲन्ड ग्लास’. आता अमेरिकी माणसाला ग्लास आणि आर्स यांचे यमक ऐकू येणार नाही, इंग्लंडच्या उत्तरेकडच्यालाही नाही, कारण ते ग्लासमधला स्वर ऱ्हस्व आणि चपटा काढतात. दक्षिण इंग्लंडमध्ये तो लांब ‘ग्लाऽस’ होतो, आणि आर्समधला ‘र’ उच्चारलाच जात नाही, तोही ‘आऽस’ होतो. जुळले! याच कारणाने ‘खैबर पास’ हाही त्याच अवयवाचा पर्याय झाला. अफगाण युद्धांमुळे घराघरांत पोचलेल्या खिंडीच्या नावाची साम्राज्याच्या राजधानीतील सामान्य माणसाने ही अशी सोय लावली.

पण बॉटलची गोष्ट इथे संपत नाही. ग्लास गळाला, उरली ‘बॉटल’. बॉटल सर्वांना कळू लागली, म्हणून बॉटललाच यमक शोधले : ‘ॲरिस्टॉटल’. त्याचेही शेपूट तोडले : ‘ॲरिस’. मग ॲरिसला यमक : ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’. आणि त्यातूनही केवळ ‘प्लास्टर’. ग्रीक तत्त्वज्ञ आणि गवंड्याचे साहित्य या दोहोंतून फिरत फिरत आपण जिथून निघालो त्याच आसनावर येऊन बसतो. बाईंनी ही साखळी मला बोटांवर मोजून दाखवली, आणि दर पायरीला त्यांचा आवाज खाली खाली येत गेला, कारण शेजारच्या मेजावर चर्चचे एक सभ्य गृहस्थ बसले होते.

इतके शिकल्यावर मला सगळीकडे यमकेच दिसू लागली, आणि ही दुसरी चूक होती. एकदा मी एका फितीवर दीड तास एकच वाक्य पुढे-मागे करत बसले, तेव्हा बाई म्हणाल्या, “ही मुलगी अगदी डुलॅली झाली!” मी वही काढली. डुलॅली, डुलॅली... पुढचा कुठला भाग गळाला असावा? कशाशी यमक असावे? मी त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, यात यमक-बिमक काही नाही, त्यांचे वडील सैन्यात होते, तिकडून आलेला शब्द आहे, हिंदुस्थानातून.

वाचकहो, मी नाशिक रोडला वाढले. देवळाली कॅम्प आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. डुलॅली म्हणजे देवळाली! ब्रिटिश सैनिकांची सेवा संपली की मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत त्यांना देवळालीच्या छावणीत ठेवत. जहाजे हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. ज्याची सेवा मोसम उलटल्यावर संपली, तो महिनोन् महिने तिथेच उन्हात अडकून पडे. काम नाही, शिस्त ढिली, कंटाळा, दारू, आजार. अशा अवस्थेत डोके फिरलेल्या माणसाला ‘डुलॅली टॅप’ झाला असे म्हणत. हा टॅप म्हणजे आपला ‘ताप’. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या सैनिकाने १९३६ च्या आपल्या आठवणींत याविषयी लिहिले आहे. पुढे ताप गळाला आणि डुलॅली उरला. शेपूट इथेही तुटले, पण यमकाशी त्याचा काही संबंध नाही.

यावरून एक कसोटी मी स्वतःपुरती ठरवली : यमक जुळते एवढ्यावरून ते मूळ ठरत नाही, शब्द आधीचा की यमकाचा जोड आधीचा, हे तपासायचे. ‘स्कार्पर’ म्हणजे पळ काढणे. याचे मूळ ‘स्कापा फ्लो’, म्हणजे ‘गो’, असे अनेक याद्या सांगतात. स्कापा फ्लो हा स्कॉटलंडच्या उत्तरेचा नाविक तळ. तिथे २१ जून १९१९ रोजी जर्मन आरमाराने आपलीच जहाजे बुडवली, तेव्हा त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. कथा सुरेख आहे. पण स्कार्पर हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच छापील आढळतो, आणि इटालियन भाषेत ‘स्कापारे’ म्हणजे पळून जाणे. फिरत्या खेळवाल्यांच्या बोलीतून तो आला. यमक फार तर नंतर त्याच्या मदतीला धावले असेल. तसेच ‘डेको’. एक डेको घेणे म्हणजे नजर टाकणे, म्हणजे अर्थ अगदी बुचर्सचाच. मी हुकसारखे काहीतरी शोधत होते, आणि उत्तर माझ्या तोंडातच होते : ‘देखो’. सैनिकांनी तो भारतातून नेला. एकाच लंडनकराच्या तोंडी नजर टाकण्यासाठी एक शब्द खाटकाच्या दुकानातला आणि एक हिंदुस्थानी बाजारातला आहे.

उलट बाजूने, यमकातले विशेषनाम वर्ष सांगते. आमटी-रस्सा या अर्थीच्या ‘करी’ला लंडनमध्ये ‘रूबी’ म्हणतात. रूबी मरी ही बेलफास्टची गायिका. १९५५ मध्ये तिची लोकप्रियता कळसाला होती. म्हणजे हा शब्द त्याआधीचा असूच शकत नाही. नाव माहीत असलेले लोक हवेत आणि रोजच्या जेवणात करीही हवी. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या पुढे, जेव्हा सिल्हेटहून आलेल्या लोकांची उपाहारगृहे ब्रिक लेनसारख्या पूर्व लंडनच्याच रस्त्यांवर भरभराटीला आली. आज रूबी मागवणाऱ्या तरुणाला ती गायिका ठाऊक नसते. शब्दाचे त्यावाचून अडत नाही.

आणि इथे मला पुन्हा त्या फितीकडे जावे लागले. कारण हीच तारखेची कसोटी ‘ब्राउन ब्रेड’ला लावली, तर तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला प्रयोग ठरतो. जुन्या याद्यांत तो नाही. भाऊ वारला १९४४ मध्ये. त्या दिवशी त्या घरात कोणी ‘ब्राउन ब्रेड’ म्हटले असण्याचा संभव जवळजवळ नाही. हा शब्द घटनेचा नाही, सांगण्याचा आहे. चाळीस वर्षांत त्या माणसाने ही हकिकत अनेकदा सांगितली असणार, बहुधा मित्रांसमोर, बहुधा मद्यगृहात, आणि केव्हातरी त्या जागी हा नवा, हलका, थट्टेतला शब्द येऊन बसला असणार. फितीवर मुलाखत घेणारी व्यक्ती अनोळखी होती. तिच्यासमोरही तो ‘डेड’ म्हणाला नाही. बाईंना मी विचारले की सख्ख्या भावाच्या मरणाबद्दल कोणी असा विनोदी शब्द वापरतो का? त्या म्हणाल्या, “दुसरा शब्द तोंडातून निघत नसेल, तर वापरतो.”

मी माझी पानभर टीप काढून टाकली. मग प्रश्न आला की प्रतीत काय लिहायचे. ‘डेड’ लिहिले असते तर वाचणाऱ्याला सोपे गेले असते, पण तो माणूस तसे म्हणालाच नव्हता. आम्ही दोघींनी चर्चा करून ओळ जशी होती तशीच ठेवली, ‘ऑन’ काढला, आणि समासात तीन गोष्टी लिहिल्या : अर्थ, शब्दप्रयोग घटनेनंतरच्या काळातला आहे ही नोंद, आणि ॲपल्स म्हणजे जिना.

एवढ्यात बाईंनी पुन्हा हेडफोन लावला आणि मला खूण केली. ‘ब्राउन ब्रेड’ आणि ‘आई’ या दोन शब्दांच्या मध्ये फितीवर काही सेकंद नुसती खरखर आहे. मी ती पहिल्या वेळी सोडून दिली होती. फीत अडकली असेल असे मला वाटले होते. नीट ऐकले तर मागे घड्याळाची टिकटिक सुरूच आहे, म्हणजे फीत व्यवस्थित चालू होती. मी घड्याळाचे ठोके मोजले. नऊ भरले. दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आम्ही लिहिले : ‘बोलणारा थांबतो. नऊ सेकंद.’